९१ दिवस बिलाचे, ४५ तुमचे

वाचकाचं पत्र: ७ मार्च २०२५ ला, शुक्रवारी, मी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवरून ९१ दिवसांचं ट्रेझरी बिल घेतलं. दर्शनी किंमत एक लाख, मला पडलं ९९,२०५ रुपयांना. ९१ दिवस म्हणजे ६ जून, असं धरून मुलीच्या कॉलेजची फी त्यातून भरायचं ठरवलं होतं; फीची शेवटची तारीख १० जून आहे. पण व्यवहाराच्या नोंदीत मुदतपूर्ती २४ एप्रिल आणि उरलेले दिवस ४५ दिसतात. शिवाय ९१ दिवसांत ७९५ रुपये म्हणजे वर्षाला जेमतेम ३.२ टक्के, मी तर साडेसहा टक्क्यांचा दर पाहून घेतलं होतं. माझी फसवणूक झाली का? हे विकून पूर्ण ९१ दिवसांचं दुसरं घेऊ का? — एक आई

ताई, आधी मनावरचं ओझं उतरवा. फसवणूक झालेली नाही. २४ एप्रिल ही तारीख बरोबर आहे, ४५ हा आकडाही बरोबर आहे, आणि तुम्हाला मिळणारा दरसुद्धा साडेसहा टक्केच आहे. चुकलं आहे ते एकच गृहीतक: ९१ दिवस तुम्ही बिल घेतल्यापासून सुरू होतात, हे. फीच्या तारखेचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो सोडवायला हातात वेळही आहे. पण त्याआधी हे दिवस कुठून मोजतात ते नीट पाहू, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच उभा आहे.

हे गृहीतक येतं कुठून, तर बँकेच्या मुदत ठेवीतून. ९१ दिवसांची ठेव ७ मार्चला ठेवली, की तिचे दिवस ७ मार्चपासूनच मोजले जातात. ती ठेव तुमच्यासाठी, तुमच्या नावाने, त्या दिवशी जन्माला येते. ट्रेझरी बिलाचं तसं नाही. ते केंद्र सरकारचं कर्ज आहे आणि रिझर्व्ह बँक ते लिलावाने विकते. एका लिलावातली सगळी ९१ दिवसांची बिलं एकाच दिवशी निघतात आणि एकाच दिवशी संपतात, मग मधल्या काळात ती कितीही हातांतून जावोत. नावातले ९१ दिवस हे निघाल्यापासून संपेपर्यंतचं त्या बिलाचं पूर्ण आयुष्य. तुम्ही ते लिलावात घेतलं असतं तर ते सगळेच दिवस तुमच्या वाट्याला आले असते. तुम्ही घेतलं दुय्यम बाजारात, दुसऱ्या कुणाकडून तरी, त्यामुळे त्या माणसाच्या हातात असताना जे दिवस सरले ते तुमच्याकडे येत नाहीत. आणि तुमचा दरही फक्त तुमच्या वाट्याला आलेल्या दिवसांवरच ठरतो, हे महत्त्वाचं.

तुमचं बिल निघालं कधी? हे शोधायला फार खटपट नको. स्क्रीनवर या बिलाचं नाव असं दिसेल:

```
91 DTB 24042025
```

पहिला आकडा मूळ मुदत सांगतो आणि शेवटचे आठ आकडे मुदतपूर्तीची तारीख, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. म्हणजे २४ एप्रिल २०२५. नावात निघाल्याची तारीख नसते, संपण्याची असते. खरेदी करताना नजर टाकायची ती या आठ आकड्यांवर. `91` हा आकडा तुमच्या हातात किती दिवस आहेत याबद्दल काहीच सांगत नाही. शंका राहू नये म्हणून आयएसआयएन, म्हणजे रोख्याचा ओळख क्रमांकही बघता येतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात निघालेल्या ९१ दिवसांच्या बिलाचा क्रमांक `IN002024X` असा सुरू होतो. त्यातला `X` म्हणजे ९१ दिवस. १८२ दिवसांच्या बिलांना त्या जागी `Y` असतो, ३६४ दिवसांच्या बिलांना `Z`.

२४ एप्रिलपासून ९१ दिवस मागे गेलं की २३ जानेवारी २०२५ येते. तो गुरुवार होता, आणि हे अपेक्षितच आहे. नेहमीच्या आठवड्यात लिलाव बुधवारी होतो आणि बिलं दुसऱ्या दिवशी, गुरुवारी निघतात. ९१ म्हणजे बरोबर तेरा आठवडे, त्यामुळे गुरुवारी निघालेलं बिल गुरुवारीच संपतं. ही पडताळणीची फार सोपी खूण आहे: तुम्ही काढलेल्या मुदतपूर्तीचा वार निघण्याच्या वाराशी जुळत नसेल, तर मोजणीत कुठेतरी चूक आहे. कधी बुधवारी किंवा गुरुवारी सुट्टी आली तर लिलाव आणि निघण्याचा दिवस सरकतो. बिल शुक्रवारी निघालं, तर तेरा आठवड्यांनी येणारा शुक्रवार धरायचा. म्हणून गुरुवार हा अंदाज समजा आणि पक्की तारीख रिझर्व्ह बँकेच्या तिमाही वेळापत्रकातून किंवा त्या लिलावाच्या सूचनेतून घ्या.

मोजायचं कसं, तेही एकदा हाताने करून पाहू. २३ जानेवारी हा शून्यावा दिवस. जानेवारीत पुढे उरतात ८ दिवस. फेब्रुवारीचे २८, झाले ३६. मार्चचे ३१, झाले ६७. आता ९१ व्हायला हवेत २४, म्हणून २४ एप्रिल. यात निघालेला दिवस धरलेला नाही आणि शेवटचा दिवस धरला आहे. दोन्ही टोकं धरली की उत्तर एका दिवसाने चुकतं, आणि ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण बोटांवर मोजताना पहिलं बोट पहिल्या तारखेलाच लागतं. ‘तीन महिने’ असं धरूनही चालत नाही. २३ जानेवारीला तीन महिने मिळवले तर २३ एप्रिल येते, म्हणजे ९० दिवस. सुरुवात कुठल्या महिन्यात होते त्यावर तीन महिने कधी ८९ दिवसांचे भरतात, कधी ९२ दिवसांचे. बिल महिने ओळखत नाही, ते फक्त दिवस ओळखतं. वर्षात २९ फेब्रुवारी आली तर तोही दिवस मोजला जातो.

आता तुमचे ४५. इथे दुसरं एक गृहीतक लपलेलं आहे. मुदतपूर्ती २४ एप्रिल मान्य केली, तरी ७ मार्चपासून मोजलं तर ४८ दिवस येतात, ४५ नाही. हे तीन दिवस कुठे गेले, असं तुम्हालाही वाटलं असेल.

दुय्यम बाजारात सौदा ठरण्याचा दिवस वेगळा आणि बिल तुमच्या खात्यात येण्याचा दिवस वेगळा. सरकारी रोख्यांचं सेटलमेंट सौद्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी होतं. तुमचा सौदा शुक्रवारचा, पुढे शनिवार आणि रविवार, म्हणून सेटलमेंट सोमवारी, १० मार्चला. त्या दिवशी बिल तुमचं झालं आणि त्या दिवसापासूनच तुमचे दिवस सुरू झाले. मार्चचे उरलेले २१ आणि एप्रिलचे २४, बेरीज ४५. पैसे तुमच्या बँक खात्यातून शुक्रवारीच निघाले असतील, तरी किंमत ठरवताना मोजणी सोमवारपासूनच होते. शनिवार-रविवारचे दिवस विकणाऱ्याच्या मालकीचे राहिले.

हा हिशेब उलटूनही तपासता येतो. २३ जानेवारी ते १० मार्च हे सरलेले दिवस: जानेवारीचे ८, फेब्रुवारीचे २८, मार्चचे १०, म्हणजे ४६. सरलेले ४६ आणि उरलेले ४५, बेरीज ९१. ही बेरीज जमली की दोन्ही आकडे बरोबर आहेत असं निर्धास्तपणे समजा. एखाद्या दिवसाचाही फरक आला, तर कुठे तरी एक टोक दोनदा धरलं गेलं आहे किंवा एक टोक सुटलं आहे.

एक गोष्ट लक्षात असू द्या. ‘उरलेले दिवस’ हा आकडा कुठल्या दिवसापासून मोजलेला आहे, हे पाहिल्याशिवाय तो वाचू नका. सौद्याच्या नोंदीत तो सेटलमेंटपासून असतो. एखाद्या यादीत तो आजच्या तारखेपासूनचा असू शकतो, आणि मग तो रोज एकाने कमी होत जातो. त्यामुळे दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर घाबरायचं कारण नाही. दोन्हीकडे मुदतपूर्तीची तारीख तीच आहे ना, एवढं बघा. तारीख हलत नाही. दिवस कुठून मोजले यावर आकडा हलतो.

आता त्या ३.२ टक्क्यांकडे येऊ. तुमचं गणित चुकीचं नाही, त्यात घातलेले दिवस चुकीचे आहेत. आपल्याकडे ट्रेझरी बिलाचा वार्षिक दर असा काढतात:

```
दर = (100 - P) / P × 365 / D × 100
```

`P` म्हणजे शंभर रुपये दर्शनी किमतीमागे दिलेली किंमत आणि `D` म्हणजे सेटलमेंटपासून मुदतपूर्तीपर्यंतचे प्रत्यक्ष दिवस. तुमची किंमत ९९.२०५० आहे. शंभरातून ती वजा केली की ०.७९५० उरतात, एक लाखाच्या बिलावर हेच तुमचे ७९५ रुपये. `D` च्या जागी ४५ घातले तर उत्तर येतं ६.५० टक्के. त्याच जागी ९१ घातले तर ३.२१ टक्के. तुम्ही दुसरं केलंत, आणि त्यामुळे दर निम्मा दिसला. ४८ घातले असते तर ६.०९ टक्के दिसले असते, आणि तेव्हाही कुणीतरी मधे काही कापून घेतलं की काय, असा संशय आला असता.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या दिवसांचं बिल तुमच्याकडे नव्हतं, त्या दिवसांची वाढ आधीच्या मालकाला मिळाली, म्हणूनच तुम्हाला बिल महाग पडलं. याच साडेसहा टक्के दराने पूर्ण ९१ दिवसांचं बिल साधारण ९८.४१ ला पडलं असतं. तुम्ही दिले ९९.२१ च्या आसपास. कमी दिवस, म्हणून कमी सवलत. किमतीतला हा फरकच सांगत होता की बिल अर्ध्या वाटेवर आहे. पुढच्या वेळी ९१ दिवसांच्या बिलाची किंमत अपेक्षेपेक्षा बरीच वर दिसली, तर ‘महाग आहे’ असं म्हणण्याआधी मुदतपूर्तीची तारीख वाचा.

सूत्रातला ३६५ हा आकडा लीप वर्षातही बदलत नाही. इंटरनेटवर सापडणारी पुष्कळ सूत्रं आणि एक्सेलमधली ट्रेझरी बिलाची तयार फंक्शन्स अमेरिकी पद्धतीची आहेत. ती वर्ष ३६० दिवसांचं धरतात. आपल्या बिलाला ती लावू नका, उत्तर थोडंसंच चुकेल आणि म्हणून लक्षातही येणार नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे: विकायचं का?

माझं मत आहे, विकू नका. ‘पूर्ण ९१ दिवस’ मिळवण्यासाठी विकण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण ९१ दिवस मिळणं ही तुमची गरजच नाही. तुमची गरज आहे १० जूनच्या आत एक लाख रुपये खात्यात असणं. बिल २४ एप्रिलला संपलं की ते पैसे तुमच्या जोडलेल्या बँक खात्यात येतील, फीच्या जवळजवळ सात आठवडे आधी. उशिरा आले असते तर संकट होतं. लवकर येणं ही फक्त गैरसोय आहे. विकायला गेलात तर आधी घेणारा शोधावा लागेल, आणि एवढ्या छोट्या रकमेला मिळणारा भाव बाजारातल्या भावापेक्षा थोडा कमी असण्याची शक्यता धरावी लागेल. हातात मुळात ७९५ रुपये आहेत. त्यातले शंभर-दीडशे विकण्याघेण्यातच गेले तर केलं काय?

तरीही कधी विकायची वेळ आलीच, तर उरलेले दिवस कसे मोजले जातील ते पाहून ठेवा, कारण तिथेही सेटलमेंटचाच दिवस धरतात. समजा तुम्ही बुधवारी, ९ एप्रिलला विकलंत. दुसऱ्या दिवशी, १० तारखेला महावीर जयंतीची सुट्टी आहे. मग सेटलमेंट शुक्रवारी, ११ एप्रिलला होईल. घेणारा तुम्हाला १३ दिवस उरलेल्या बिलाची किंमत देईल, १५ दिवसांच्या बिलाची नाही, आणि हे तुमच्या फायद्याचं आहे. तुमचे दिवस मग ३२ होतील, १० मार्च ते ११ एप्रिल. ३२ आणि १३ मिळून तुमचे ४५ पुन्हा पुरे होतात.

२४ एप्रिलनंतर काय करायचं, याचे मार्ग पाहू. सगळ्यात सरळ म्हणजे पैसे बचत खात्यात ठेवणं. जेमतेम सात आठवड्यांचंच अंतर आहे. रक्कम डोळ्यांसमोर राहील, फीची तारीख आधी आली तरी अडचण नाही. दुसरा मार्ग, पुन्हा ९१ दिवसांचं बिल लिलावात घेणं. तो तुमच्यासाठी बंद आहे असंच समजा. २४ एप्रिलला निघणारं ९१ दिवसांचं बिल २४ जुलैला संपेल आणि फी तर जूनमध्येच भरायची आहे. ‘९१ दिवसांचं’ हे नाव पाहून हात तिकडे जाऊ देऊ नका.

तिसरा मार्ग मला तुमच्या गरजेला जास्त जुळणारा वाटतो, आणि अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांनीही हा विचार उचलावा. मुदतीपासून सुरुवात करू नका, पैसे लागण्याच्या तारखेपासून मागे या. फी १० जूनला, मंगळवारी. त्याआधीचा गुरुवार ५ जून. म्हणजे तुम्हाला हवं आहे ५ जूनला संपणारं बिल. मग ते मूळ किती दिवसांचं आहे याने काय फरक पडतो? काहीच नाही. ६ मार्च २०२५ ला निघालेलं ९१ दिवसांचं बिल ५ जूनला संपतं. ५ डिसेंबर २०२४ ला निघालेलं १८२ दिवसांचं बिलही ५ जूनलाच संपतं. ६ जून २०२४ ला निघालेलं ३६४ दिवसांचं बिलसुद्धा त्याच दिवशी संपतं. या तिन्ही मुदती सात दिवसांच्या पूर्ण पटीत आहेत, म्हणून त्या एकाच गुरुवारी येऊन मिळतात. एकाच दिवशी घेतलीत तर तिघांत उरलेले दिवस तेवढेच, सरकार तेच, मुदतपूर्तीला मिळणारे शंभर रुपयेही तेच. जे थोडं स्वस्त मिळेल ते घ्यावं.

तुम्ही ७ मार्चला आदल्याच दिवशी निघालेलं, `05062025` असा शेवट असलेलं बिल निवडलं असतं, तर १० मार्चपासून ८७ दिवस तुमच्या हातात आले असते आणि मनातली योजना जवळजवळ जशीच्या तशी पार पडली असती. तेव्हाही ९१ आले नसते, कारण निघण्याचा दिवस आणि तुमचं सेटलमेंट यांत चार दिवस गेलेच होते. दुय्यम बाजारात पूर्ण ९१ दिवस मिळत नाहीत. ते फक्त लिलावात घेणाऱ्याला मिळतात.

तीच योजना अजून अर्धी साधता येते. २४ एप्रिलला, गुरुवारी पैसे आले आणि त्याच दिवशी तुम्ही ५ जूनला संपणारं बिल घेतलंत, तर सेटलमेंट शुक्रवारी, २५ तारखेला होईल. एप्रिलचे ५, मे महिन्याचे ३१, जूनचे ५, म्हणजे ४१ दिवस. तेव्हाचा दर साडेसहा टक्केच असेल असं मानलं, तर एक लाखाच्या बिलावर सुमारे ७२५ रुपये होतात. दर तेव्हा वेगळा असू शकतो, त्यामुळे हा आकडा केवळ अंदाजासाठी घ्या. बचत खात्यातही या दिवसांचं काही व्याज मिळणारच आहे, म्हणून तुमचा खरा फायदा या दोन रकमांमधला फरक एवढाच. तो तुम्हाला खटपटीच्या मोलाचा वाटतो का, हे तुम्हीच ठरवा. घेणार असाल तर ५ जूनच्या पुढचं, म्हणजे १२ जूनला संपणारं बिल चुकूनही घेऊ नका. दोन दिवसांसाठी फी अडेल.

पैसे लागण्याची तारीख आणि मुदतपूर्ती यांच्यात निदान दोन-तीन कामकाजाचे दिवस मोकळे ठेवावेत, असं मी सगळ्यांनाच सांगेन. ५ जूनला आलेली रक्कम १० जूनच्या फीसाठी निवांत पुरते. १० जूनच्या फीसाठी १० जूनलाच संपणारं बिल शोधणं धोक्याचं.

सुट्टीचा प्रश्नही काही वाचकांना पडतो. ३० जानेवारी २०२५ पासून ९१ दिवस मोजले तर १ मे २०२५ येते. वार गुरुवारच आहे, मोजणी बरोबर आहे, पण १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, बाजाराला सुट्टी. सरकारी रोख्यांचा नियम असा की मुदतपूर्तीचा दिवस सुट्टीचा निघाला तर मुद्दल आदल्या कामकाजाच्या दिवशी मिळतं, म्हणजे इथे ३० एप्रिलला. व्याजाच्या हप्त्याचा दिवस सुट्टीचा निघाला तर तो पुढच्या कामकाजाच्या दिवशी देतात. ट्रेझरी बिलाला व्याजाचा हप्ता नसतो, त्यामुळे हा दुसरा नियम बिलाला लावू नका. पैसे पुढे ढकलले जातील अशी भीती इथे नाही. उलट ते एक दिवस लवकर हाती येतात.

ज्यांना बिल संपलं की पुन्हा नवं घ्यायचं असतं, त्यांच्यासाठी अंतराची एक गोम आहे. मुदतपूर्तीचे पैसे गुरुवारी येतात आणि त्या गुरुवारी निघणाऱ्या बिलाची बोली आदल्याच दिवशी, बुधवारी झालेली असते. येणाऱ्या पैशांच्या भरवशावर बुधवारी बोली लावता येत नाही. वेगळी रक्कम बाजूला नसेल, तर पुढच्या आठवड्याच्या लिलावापर्यंत थांबावं लागतं, आणि ते सात दिवस पैसे बिलात नसतात. वर्षभराचा परतावा मोजताना ‘९१ गुणिले चार’ असं धरणारे हे मधले दिवस विसरतात. २४ एप्रिलनंतरच्या आठवड्यात तर गुरुवारीच १ मे येतो आहे, म्हणून त्या आठवड्याच्या तारखा वेळापत्रकात पाहिल्याशिवाय काहीच गृहीत धरू नका.

शेवटी, हा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणाऱ्यांसाठी. निघण्याच्या तारखेत सरळ ९१ मिळवायचे आणि उरलेल्या दिवसांसाठी एका तारखेतून दुसरी वजा करायची, एवढंच लागतं:

```
=DATE(2025,1,23)+91
=DATE(2025,4,24)-DATE(2025,3,10)
```

पहिलं सूत्र २४ एप्रिल देतं. नुसता मोठा आकडा दिसला तर त्या चौकटीला तारखेचं स्वरूप द्या. दुसरं ४५ देतं. तिथे तारीख दिसली तर संख्येचं स्वरूप द्या. `EDATE` वापरून तीन महिने मिळवाल तर २३ एप्रिल येईल, आणि `DAYS360` वापराल तर ४५ ऐवजी ४४ येतील, कारण ते प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरतं. तारीख `10/3/2025` अशी टाइप केलीत तर काही संगणक ती ३ ऑक्टोबर समजतात आणि उरलेले दिवस उणे दिसू लागतात. `DATE` मध्ये वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे लिहिले की हा घोळ होत नाही. तिसऱ्या चौकटीत सेटलमेंटच्या तारखेतून निघण्याची तारीख वजा करा. तुमच्या बाबतीत तिथे ४६ यायला हवेत.